गाळलेल्या भागाची परतफेड : छोट्या सादरीकरणामागची परिशिष्टे

पीएच.डी.च्या प्रबंधावर विद्यापीठात पाऊण तास बोललेली व्यक्ती पुढे तोच विषय घेऊन चर्चासत्रात जाते, तेव्हा तिच्या वाट्याला बारा-पंधरा मिनिटे येतात. कापाकापी करावीच लागते. मात्र त्या कापाकापीत एक गोष्ट नकळत घडते. पुरावा कमी होतो, पण निष्कर्ष तेवढाच राहतो. अटी गळून गेल्यामुळे कधी कधी तर तो मूळ प्रबंधापेक्षा ठाम वाटू लागतो. श्रोत्यांचे प्रश्न नेमके या फटीतून येतात. म्हणून शेवटच्या 'धन्यवाद'च्या स्लाइडमागे काही पुरवणी स्लाइड ठेवण्याची पद्धत आहे. त्या बोलताना दाखवायच्या नसतात. प्रश्न आला तरच उघडायच्या असतात. त्या कशा निवडाव्यात, हे एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण आणि त्यातले आकडे कल्पित आहेत, प्रश्न मात्र खरे आहेत. समजा, एका संशोधक विद्यार्थिनीने ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांवर प्रबंध लिहिला. नकला करणाऱ्या लेखनिकांनी 'आथि'सारखी जुनी रूपे काढून त्या जागी 'आहे'सारखी ओळखीची रूपे कुठे घातली, हा तिचा विषय. ओवीच्या पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक असते. तिथला शब्द बदलला तर यमक मोडते. तेव्हा यमकाच्या जागी जुनी रूपे अधिक टिकली असावीत, असे तिचे म्हणणे. दोन अध्याय आणि चार प्रती यांत तिने मोजणी केली. यमकाच्या जागी जुने रूप 48 पैकी 39 वेळा टिकले, म्हणजे सुमारे 81 टक्के. इतरत्र ते 140 पैकी 63 वेळा टिकले, म्हणजे 45 टक्के.

तिच्या पाऊण तासाच्या सादरीकरणात 48 स्लाइड होत्या. बारा मिनिटांसाठी तिने दहा ठेवल्या. उरलेल्या 38 जशाच्या तशा शेवटी जोडून देण्याचा मोह होतो. तसे केले तर प्रश्न आल्यावर त्या ढिगाऱ्यात हवी ती स्लाइड सापडत नाही, आणि सापडली तरी ती जुन्या, लांब भाषणासाठी केलेली असते. त्याऐवजी प्रत्येक गाळलेल्या स्लाइडला एकच प्रश्न विचारावा : ही नसेल तर माझा निष्कर्ष उभा राहतो का? तिच्या 38 पैकी 21 स्लाइड पूर्वाभ्यासाच्या आणि पार्श्वभूमीच्या होत्या; त्या जाणकार श्रोत्यांना ठाऊकच असतात. नऊ स्लाइड वेगळ्याच उपविषयाच्या होत्या. निष्कर्षाचा भार पेलणाऱ्या फक्त आठ निघाल्या. त्या आठही स्लाइड मिळून चार प्रश्नांची उत्तरे देत होत्या. म्हणून पुरवणी स्लाइडही चारच.

पहिला प्रश्न : प्रबंधात सहा प्रती होत्या, इथे चारच का? उत्तर असे की उरलेल्या दोन प्रतींत हे दोन अध्याय पुरते शिल्लक नाहीत.

दुसरा : या प्रतींचा काळ कशावरून ठरवला? प्रतीच्या शेवटी पुष्पिकेत शक आणि संवत्सराचे नाव असते. त्या दोहोंचा मेळ पाहता येतो. शकात 12 मिळवून 60 ने भागले की उरणारी बाकी हा संवत्सराचा क्रमांक. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तो शक 1506. त्यात 12 मिळवले की 1518, आणि 60 ने भागून बाकी 18. अठरावा संवत्सर तारण, आणि परंपरेत तेच नाव सांगितले आहे. पण याला मर्यादा आहे. लेखनिकाने आधीच्या प्रतीतली पुष्पिकाच उतरवून घेतली असेल, तर मेळ बसूनही काळ चुकतो. ही मर्यादा त्याच स्लाइडवर लिहिलेली बरी.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड : हे बदल लेखनिकांचे कशावरून, एकनाथांच्या शुद्धीकरणातलेच नसतील कशावरून? चारही प्रती त्याच एका प्रतीवरून उतरल्या असतील, तर त्या चार स्वतंत्र साक्षी ठरत नाहीत. याचे उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. चारही प्रतींत नवेच रूप आहे अशी स्थळे तिने वगळली. निदान एका प्रतीत जुने रूप टिकले आहे अशीच स्थळे धरली.

चौथा : हा फरक एकाच जुन्या प्रतीमुळे दिसत नाही ना? तीच स्थळे ठेवून सर्वांत जुनी प्रत बाजूला काढली, तर यमकाच्या जागी 36 पैकी 28 म्हणजे 78 टक्के आणि इतरत्र 105 पैकी 38 म्हणजे 36 टक्के. आकडे खाली आले, पण अंतर टिकले. या स्लाइडवर एवढेच हवे : दोन ओळींचा तक्ता, आणि वर मथळा म्हणून उत्तराचे पूर्ण वाक्य, 'जुनी प्रत वगळली तरी फरक राहतो'. नुसते 'तक्ता 7' असे शीर्षक दिले, तर श्रोता तक्ता वाचत बसतो आणि उत्तर निसटते.

प्रश्नोत्तरांना तीन मिनिटे म्हणजे जेमतेम दोन-तीन प्रश्न. म्हणून आधी एका वाक्यात तोंडी उत्तर द्यावे, मग स्लाइड उघडावी. शोधताना सभागृह ताटकळत राहू नये. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना स्लाइडचा क्रमांक दाबून एंटर केले, की ती थेट उघडते. चार क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ठेवले की झाले. दुसऱ्याच्या संगणकावर देवनागरी अक्षरे बिघडू नयेत म्हणून बरेच जण पीडीएफ करून नेतात. अशा वेळी पुरवणी स्लाइड 'लपवलेल्या' असतील, तर पीडीएफ करताना `Include hidden slides` ही खूण आहे ना, हे पाहावे. नाहीतर नेमक्या त्याच मागे राहतात.

शेवटची तपासणी दोन प्रकारची. एक, मुख्य स्लाइडवरचा प्रत्येक आकडा परिशिष्टाशी ताडून पाहणे. लांब भाषणातून उचललेल्या तक्त्यात सहा प्रतींचे आकडे राहून गेलेले असतात, आणि चार प्रतींच्या निष्कर्षाशी ते जुळत नाहीत. दुसरी, विषय दुरून माहीत असलेल्या तिघांसमोर बारा मिनिटांचे भाषण एकदा करून त्यांचे प्रश्न लिहून घेणे. कोणीच न विचारलेल्या प्रश्नाची स्लाइड राहिली तरी बिघडत नाही. पण एकच प्रश्न दोघांनी विचारला, तर तो परिशिष्टाचा उरत नाही. त्याचे उत्तर मुख्य भाषणात यायला हवे. आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत तो प्रश्न तिसरा, एकनाथांचा, असण्याचा संभव मोठा. मग पार्श्वभूमीची एक स्लाइड काढून ही आत घ्यावी.

निष्कर्षाची अट मात्र कधीच परिशिष्टात ठेवू नये. 'लेखनिकांनी यमकाच्या जागी जुनी रूपे राखली' हे वाक्य सुटसुटीत आहे, पण प्रबंधाने सिद्ध केले ते एवढेच : 'दोन अध्यायांच्या चार प्रतींत यमकाच्या जागी जुनी रूपे अधिक टिकलेली दिसतात'. दुसरे वाक्य बोलायला दोन सेकंद जास्त लागतात. पुरवणी स्लाइड उघडेलच याची खात्री नसते. प्रश्न कोणी विचारलाच नाही, तर श्रोता घरी घेऊन जातो ते हे वाक्यच.