मासिक अहवालाची परीक्षा : समाजमाध्यम-कराराच्या नूतनीकरणापूर्वी

चिकित्सालयाचे फेसबुक व इंस्टाग्राम पान चालविण्याचे काम बाहेरच्या एजन्सीकडे सोपविणारे वैद्य आता रायगडच्या किनारपट्टीवरही पुष्कळ आहेत. एजन्सीकडून दर महिन्यास आलेखांनी सजलेला अहवाल येतो, देयकही येते आणि वर्ष संपत आले की नूतनीकरणाचे पत्र येते. अहवाल वाचून होकार वा नकार द्यावयाचा तर तो वाचावयाचा कसा, हा प्रश्न आमच्याकडे एका सभासदांनी आणला. अलिबाग–रेवदंडा मार्गावर त्यांचे चिकित्सालय असून त्यास लागूनच औषधालय आहे. त्यांच्या अनुमतीने ते प्रकरण येथे मांडत आहोत. नामनिर्देश टाळला आहे आणि आकडे त्यांच्याच कागदपत्रांतील आहेत.

करार १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा एक वर्षाचा होता. मुदत संपण्यापूर्वी तीस दिवस आधी लेखी नकार न दिल्यास तो आपोआप पुढे चालू राहील, असे कलम त्यात होते. मासिक शुल्क रु. १२,००० आणि जाहिरातीचा खर्च रु. ६,०००. या दोहोंवर १८ टक्के जीएसटी धरल्यास महिन्याचा एकूण खर्च रु. २१,२४० होतो. वैद्यकीय सेवा जीएसटीमुक्त असल्याने चिकित्सालयास या कराची वजावट मिळत नाही. म्हणून शुल्काचा विचार नेहमी करासह करावा.

निर्णय जूनअखेर घ्यावयाचा होता, म्हणजे हाती असलेला शेवटचा अहवाल मे महिन्याचा होता. तो दिसावयास उत्तम होता. पोहोच, म्हणजे ज्यांना मजकूर दिसला अशा निरनिराळ्या खात्यांची संख्या, ६१,४०० होती आणि एप्रिलपेक्षा ती चाळीस टक्क्यांनी वाढली होती. प्रतिसादाचे प्रमाण ४१ टक्के दाखविले होते. जाहिरातीतून ८४ नवी संभाषणे आणि प्रत्येक चौकशीस अवघे ७१ रुपये खर्च, असे पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेले होते.

प्रथम त्या ४१ टक्क्यांविषयी. महिन्यातील पसंती, अभिप्राय इत्यादी मिळून १,९२० प्रतिसाद होते. त्यांना पानाच्या ४,६५० अनुयायांनी भागले की ४१ टक्के येतात. परंतु प्रतिसाद देणाऱ्यांतील बहुसंख्य लोक अनुयायी नव्हते, त्यांना पैसे भरून मजकूर दाखविण्यात आला होता. ज्यांना मजकूर दिसला त्या ६१,४०० खात्यांनी भागल्यास उत्तर जेमतेम तीन टक्के येते. दोन्ही रीती प्रचारात आहेत आणि एजन्सीने खोटे लिहिले असे म्हणता येत नाही. मात्र छेद कोणता धरला आहे हे अहवालात लिहिलेले नसेल, तर तो आकडा निर्णयासाठी निरुपयोगी समजावा.

यापुढचा मुद्दा आमच्या किनाऱ्याचा खास आहे. मे हा पर्यटकांचा महिना. गेटवेहून मांडव्यास येणाऱ्या लाँचेस आणि रस्त्याने येणारी मुंबई–पुण्याची कुटुंबे यांनी अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड गजबजून जाते. फेसबुक-इंस्टाग्रामच्या जाहिरातीत अलिबाग परिसर निवडला म्हणजे तेथे राहणाऱ्यांबरोबरच नुकतेच तेथे येऊन गेलेल्यांनाही जाहिरात दिसते. केवळ रहिवासी निवडण्याचा स्वतंत्र पर्याय पूर्वी होता, तो काही वर्षांपूर्वी काढून टाकण्यात आला. त्यामुळे दिवाळी, नाताळ आणि मे या काळांत एजन्सीने काहीही वेगळे न करताही पोहोच वाढते. जूनमध्ये लाँचेस बंद झाल्या की ती उतरते. भाऊच्या धक्क्यावरून येणारी रो-रो सेवा हवामानानुसार चालू राहते, पण किनाऱ्यावरील गर्दी ओसरलेलीच असते.

आपल्या व्यवसायाचा ऋतू नेमका याच्या उलट आहे. वर्षा ऋतूत वातप्रकोप होतो, म्हणून बस्तीचा काळ तोच. या सभासदांच्या पंचकर्म विभागात सर्वाधिक रुग्ण जुलै–ऑगस्टमध्ये असतात, ते आसपासच्या गावांतले असतात आणि उपक्रम पूर्ण करतात. म्हणजे अहवालातील आलेख उंच जातो तेव्हा बस्तीची खाट रिकामी असते आणि खाटा भरतात तेव्हा आलेख खाली येतो. अशा ठिकाणी मेची तुलना एप्रिलशी करून काहीच कळत नाही. तुलना गतवर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. वर्ष पुरे झाले नसेल तर निदान पावसाळ्यातील महिन्याशी करावी.

आता ८४ संभाषणे. अहवालातील हा आकडा जाहिरात-व्यवस्थेतील ‘Messaging conversations started’ या रकान्यातून घेतला जातो. जाहिरातीवरून आलेल्या व्यक्तीने आपणांस प्रथमच संदेश पाठविला, किंवा किमान सात दिवसांच्या खंडानंतर पुन्हा पाठविला, तर ते एक नवे संभाषण धरले जाते. अर्थात जुना रुग्ण पंधरा दिवसांनी जाहिरातीवरील कळ दाबून “महानारायण तेल आले का?” असे विचारतो, तेव्हा तोही ‘नव्या’ संख्येत जातो. या आकड्याची शहानिशा करण्याचा मार्ग एकच. चिकित्सालयाचा भ्रमणध्वनी उघडून सर्व संभाषणे वाचावयाची आणि क्रमांक बाह्यरुग्ण नोंदवहीशी ताडून पाहावयाचे. सभासद व त्यांच्या औषधनिर्मात्याने हे काम एका दुपारी केले.

८४ पैकी २७ जण जुने रुग्ण निघाले. ३३ जणांनी शनिवार-रविवारसाठी ‘मसाजचे दर’ विचारले होते, ते सर्व बाहेरगावचे होते आणि दर ऐकल्यावर बहुतेकांनी उत्तर दिले नाही. नऊ संभाषणांत जाहिरातीतून आपोआप भरलेले एक वाक्य होते, पुढे काहीच नव्हते. उरलेले १५ परिसरातील नवे लोक होते. त्यांपैकी सहा जणांची नावे मेच्या नोंदवहीत सापडली.

हीच छाननी त्यांनी कराराच्या पहिल्या महिन्याची, म्हणजे ऑगस्टचीही केली. त्या महिन्याचा अहवाल एजन्सीने ‘मंद प्रारंभ’ म्हणून सादर केला होता. संभाषणे २६, त्यांत परिसरातील नवे १२ आणि प्रत्यक्ष आलेले पाच. नऊ महिन्यांत संभाषणे तिपटीहून अधिक झाली आणि रुग्ण पाचाचे सहा झाले. वाढ कोठे झाली, हे वेगळे सांगावयास नको.

मेचा खर्च रु. २१,२४० सहांनी भागला तर एका नव्या रुग्णामागे रु. ३,५४० पडतात. अहवालातील ७१ रुपयांत केवळ जाहिरातीचे सहा हजार धरले होते, शुल्क आणि कर दोन्ही वगळले होते. या चिकित्सालयात नवा रुग्ण पहिल्या दोन महिन्यांत तपासणी व औषधे मिळून जे देतो, त्यातून औषधांची खरेदी वजा जाता सरासरी रु. १,१०० उरतात. त्या हिशेबाने खर्च भरून निघण्यास महिन्याला वीस नवे रुग्ण यावयास हवेत. कोणी म्हणेल की रुग्ण वर्षानुवर्षे येत राहतो आणि आपल्याबरोबर घरच्यांनाही आणतो. ते खरे आहे. म्हणूनच ऑगस्टमध्ये आलेल्या पाच जणांची नोंद पुढे पाहिली. मेअखेर त्यांपैकी दोघे येत होते.

फलक पाहून किंवा पान पाहून कोणालाही न विचारता थेट येणारे या मोजणीत सुटतात, अशी हरकत एजन्सीने घेतली आणि ती रास्त होती. तिचे निराकरण ‘उपशय’ पद्धतीने करता येते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जाहिरात पूर्ण थांबविली, पान मात्र चालू ठेवले आणि प्रत्येक नव्या रुग्णास “आपणांस आमची माहिती कोठून मिळाली?” हे विचारून नोंदवहीत स्वतंत्र रकान्यात लिहिले. त्या पंधरवड्यात आलेल्या २३ नव्या रुग्णांपैकी १६ जण ओळखीच्या रुग्णाने सांगितल्यामुळे आले, पाच जण गुगलच्या नकाशावर शोधून आले आणि दोघांनी इंस्टाग्रामचे नाव घेतले. पंधरा दिवसांचा पडताळा अल्प आहे, पण दिशा कळण्यास पुरेसा आहे.

एवढ्यावर हे प्रकरण केवळ पैशाचे राहिले असते. परंतु अहवालाच्या चौथ्या पानावर ‘महिन्यातील सर्वोत्तम मजकूर’ दिला होता. मधुमेह व लठ्ठपणा औषधोपचाराने कायमचा घालवा, अशा आशयाचा तो मजकूर होता, त्यावर वैद्यांचे नाव व छायाचित्र होते आणि जूनमध्ये त्यावरच अधिक पैसे लावावेत अशी शिफारस होती. एजन्सीने तो न दाखविताच प्रसिद्ध केला होता, कारण करारात पूर्वसंमतीचे कलमच नव्हते. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, संधिवात, पक्षाघात इत्यादी विकार आहेत. त्यांच्या निदान, उपचार वा प्रतिबंधासाठी औषधाची जाहिरात करण्यास कलम ३ ने मनाई केली आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. औषध नियमावलीतील नियम १७० वगळण्याची अधिसूचना १ जुलै २०२४ रोजी निघाली, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती स्थगिती उठली. त्यावरून आता जाहिरातीवर बंधन उरले नाही, असा समज काही व्यवसायबंधूंत आढळतो. तो नियम उत्पादकांच्या जाहिरातींना पूर्वमान्यता घेण्याविषयी होता. १९५४ चा अधिनियम जसाच्या तसा आहे. अहवालात सर्वाधिक पोहोच मिळविणारा मजकूर प्रथम या अनुसूचीशी ताडून पाहावा, कारण दावा जितका मोठा तितकी पोहोच मोठी, हे एजन्सीस ठाऊक असते. तो मजकूर सभासदांनी त्याच दिवशी काढावयास लावला.

एजन्सीचे काम सर्वस्वी वाईट होते असे आमचे मत नाही. छायाचित्रे चांगली होती आणि संदेशांना उत्तरे वेळेवर जात होती. म्हणून सभासदांनी थेट नकार न देता तीन महिन्यांच्या मुदतीचा प्रस्ताव ठेवला : शुल्क रु. ७,०००, लेखी संमतीविना काहीही प्रसिद्ध करावयाचे नाही, अहवालात नोंदवहीशी ताडलेल्या नव्या रुग्णांची संख्या प्रथम द्यावयाची, जाहिराती ‘अभ्यंग’ऐवजी बस्ती व वातविकारांच्या सर्वसाधारण ऋतुचर्येवर, गावांची नावे घेऊन मराठीत करावयाच्या, आणि पान व जाहिरात-खाते दोन्ही चिकित्सालयाच्या मालकीची असावीत. शुल्कावर बोलणी झाली असती. शेवटच्या अटीस मात्र एजन्सी तयार होईना. पान तिने स्वतःच्या खात्याखाली उघडले होते व सभासदांकडे केवळ मर्यादित अधिकार होते. हे कळल्यावर २७ जून रोजी नकाराचे पत्र ई-मेलने व नोंदणीकृत टपालाने गेले.

जुलैचा महिना हस्तांतरणात गेला. शेवटचे देयक चुकते करण्यापूर्वी पानाचे पूर्ण नियंत्रण सभासदांच्या खात्याकडे घेतले, मूळ आकारातील छायाचित्रे मागवून घेतली आणि व्हॉट्सअ‍ॅपचा क्रमांक चिकित्सालयाच्याच नावे असल्याची खात्री केली. एजन्सीच्या जाहिरात-खात्यातील जुना इतिहास आपल्याकडे येणार नव्हता, म्हणून बाराही महिन्यांचे तपशील उतरवून ठेवले. ३१ जुलैच्या सायंकाळी एजन्सीचा प्रवेश काढून टाकला. सध्या औषधनिर्माता आठवड्यातून एकदा मजकूर टाकतो, वैद्य तो आधी वाचतात आणि गुगलच्या नकाशावरील वेळा व दूरध्वनी क्रमांक दर महिन्यास तपासले जातात.