डहाणू जवळ, कडोदरा दूर : ‘जवळचे’ शोधणाऱ्या दोन पद्धती

शब्दकोशात ‘आई’ आणि ‘आईना’ शेजारी असतात. ‘आई’ आणि ‘माय’ मात्र शेकडो पानांच्या अंतरावर. अकारविल्हे क्रम हा शोधण्याच्या सोयीसाठी असतो, अर्थाच्या जवळिकीशी त्याचे नाते नसते, हे कोश वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोबाइलवरून रिक्षा मागवताना किंवा जवळचे औषधाचे दुकान शोधताना जी यंत्रणा काम करते, तिच्यापुढेही हाच पेच असतो. फरक इतकाच की तिला शब्द नव्हे, पृथ्वीवरच्या जागा क्रमाने लावायच्या असतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन पद्धती, जिओहॅश आणि क्वाडट्री, येथे पाहू. उदाहरण सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्याचे घेतले आहे आणि ते केवळ सोयीचे म्हणून घेतलेले नाही. जिओहॅशची एक मोठी सीमारेषा या गावाच्या अगदी जवळून जाते.

आधी अडचण काय आहे ते पाहू. प्रत्येक जागेला अक्षांश आणि रेखांश असे दोन आकडे असतात. एखाद्या शहरात वीस हजार चालक असतील, तर प्रत्येक प्रवाशासाठी वीस हजार अंतरे मोजणे परवडत नाही. म्हणून आधी थोडे उमेदवार निवडायचे आणि मग त्यांचीच अंतरे मोजायची. पण नेहमीची सूची एका वेळी एकाच क्रमाने लावता येते. केवळ अक्षांशाने लावली, तर पलसाण्याच्या शेजारी त्याच अक्षांशावरचे थेट विदर्भापर्यंतचे ठिकाण येऊन बसेल.

जिओहॅश या दोन आकड्यांचा एक शब्द करतो. ही पद्धत गुस्तावो निमायर यांनी २००८ साली मांडली. तिच्यामागची दोन आकड्यांचे अंश एकाआड एक गुंफण्याची कल्पना जी. एम. मॉर्टन यांनी १९६६ मध्येच मांडली होती. कृती सोपी आहे. पृथ्वीचे उभे दोन भाग करायचे आणि विचारायचे, आपली जागा पूर्वेकडच्या अर्ध्यात आहे का? असल्यास १, नसल्यास ०. मग आडवे दोन भाग करून विचारायचे, उत्तरेकडच्या अर्ध्यात आहे का? असेच एकदा रेखांश, एकदा अक्षांश, उरलेला भाग अर्धा करत जायचे.

पलसाण्याचे रेखांश साधारण ७२.९८ आणि अक्षांश साधारण २१.०८. पहिले पाच प्रश्न असे होतात : ० रेखांशाच्या पूर्वेला? होय. ० अक्षांशाच्या उत्तरेला? होय. ९० रेखांशाच्या पूर्वेला? नाही. ४५ अक्षांशाच्या उत्तरेला? नाही. ४५ रेखांशाच्या पूर्वेला? होय. उत्तरे झाली ११००१, म्हणजे दशमान पद्धतीत २५. पाच उत्तरांचे एक अक्षर करतात. त्यासाठी दहा अंक आणि बावीस रोमन अक्षरे अशी ३२ चिन्हे ठरलेली आहेत, आणि त्यांत २५व्या क्रमांकाला `t` येते. पुढच्या पाच प्रश्नांनी `e` मिळते. प्रत्येक अक्षरागणिक खण ३२ पटींनी लहान होतो. या अक्षांशावर पाच अक्षरांचा खण सुमारे ४.६ बाय ४.९ किलोमीटरचा असतो, आणि सहा अक्षरांचा सुमारे १.१४ किलोमीटर रुंद व ०.६१ किलोमीटर उंच.

या शब्दांचा उघड फायदा असा की सुरुवातीची अक्षरे जितकी जुळतील तितक्या लहान खणात दोन्ही जागा एकत्र असतात. मग प्रवाशाच्या शब्दाची पहिली पाच अक्षरे घेऊन त्यांनीच सुरू होणारे सगळे चालक काढणे सोपे. संगणकाला हे काम कोशातून एका अक्षराचे शब्द काढण्याइतकेच सरळ आहे.

आता सीमारेषेकडे येऊ. अक्षांशाचा सातवा प्रश्न पलसाण्यासाठी २१.०९३७५ या रेषेवर विचारला जातो. ती रेषा पलसाण्याच्या थोडी उत्तरेला आहे. तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे एकाच रेखांशावरचे दोन बिंदू घेऊ. त्यांच्यातले अंतर पाऊण किलोमीटरहून किंचित जास्त आहे.

```
21.0900, 72.9800  →  teezux
21.0970, 72.9800  →  tegbh8
```

दोन्ही खण एकमेकांना चिकटलेले आहेत, तरी शब्दांत पहिली दोनच अक्षरे समान आहेत. असे का झाले? सातव्या प्रश्नाला एकाचे उत्तर ‘नाही’, दुसऱ्याचे ‘होय’. त्यानंतर पहिला बिंदू आपल्या भागाच्या अगदी वरच्या कडेला असल्याने त्याला अक्षांशाच्या प्रत्येक प्रश्नाला १ मिळत गेले, आणि दुसरा आपल्या भागाच्या तळाशी असल्याने त्याला ० मिळत गेले. ९९९ आणि १००० या शेजारच्या संख्यांत एकही अंक समान नसतो, तसेच हे आहे.

याचा परिणाम विचित्र दिसतो. पलसाणा, नवसारी, वलसाड आणि सव्वाशे किलोमीटरांवरचे डहाणू हे सगळे `tee` ने सुरू होतात. पण पलसाणा तालुक्यातलेच, दहा-बारा किलोमीटरांवरचे कडोदरा `teg` मध्ये पडते. पलसाण्याशी त्याची दोनच अक्षरे जुळतात, आणि तेवढी तर पुण्याचीही जुळतात. पूर्वेकडे ७३.१२५ रेखांशाची आणखी मोठी रेषा बारडोलीला लागून जाते. म्हणून बारडोलीच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर `tee`, `teg`, `tes` आणि `teu` या चार खणांचे कोपरे एकत्र येतात.

केवळ सुरुवातीची अक्षरे पाहणारी यंत्रणा येथे चुकते, आणि चूक लक्षात येणे कठीण असते, कारण उत्तर येतच असते. समोरच्या चौफुलीवर चालक उभा असतो आणि प्रवाशाला तीन किलोमीटरांवरचा दाखवला जातो. ओळखण्याची खूण अशी की ज्या जागांवरून सतत दूरचे चालक मिळतात, त्या नकाशावर मांडल्या तर एका सरळ आडव्या किंवा उभ्या रेषेत येतात. रस्ता, नदी किंवा वस्ती इतकी सरळ नसते.

उपाय ठरलेला आहे. प्रवाशाच्या खणाबरोबर त्याला लागून असलेले आठही खण घ्यायचे, त्या नवांतले चालक काढायचे, मग प्रत्येकाचे खरे अंतर मोजून क्रम लावायचा. `teezux` च्या आठ शेजाऱ्यांत `tegbh8` येतोच. शेजाऱ्याचा शब्द अक्षरांवरून ओळखता येत नसला, तरी आकडेमोडीने चटकन काढता येतो. पण मर्यादा लक्षात ठेवावी लागते. प्रवासी आपल्या खणाच्या अगदी वरच्या कडेला असेल, तर उत्तरेला त्याच्यासाठी पाहिलेली जागा एका खणाइतकीच, म्हणजे ०.६१ किलोमीटर. सापडलेला सर्वांत जवळचा चालक ९०० मीटरांवर असेल, तर त्याहून जवळचा एखादा नऊ खणांच्या बाहेर असू शकतो. अशा वेळी शेवटचे अक्षर सोडून पाच अक्षरांच्या खणांत पुन्हा शोधावे लागते, आणि क्षेत्र एकदम ३२ पट होते. ऊसशेतीच्या भागात ते चालते. सुरतेच्या कापडबाजारात मात्र तेवढ्या क्षेत्रात हजारो दुकाने निघतील.

येथे क्वाडट्रीचे वेगळेपण दिसते. राफाएल फिंकेल आणि जॉन बेंटली यांनी १९७४ साली मांडलेली ही रचना म्हणजे एक उलटे झाड. पुढे सांगतो तो तिचा आज या कामात रूढ असलेला प्रकार. संपूर्ण जिल्हा हा एक चौकोन, तो झाडाचे मूळ. नियम एकच : चौकोनात ठरावीक संख्येपेक्षा, समजा शंभरापेक्षा, जास्त दुकाने झाली की त्याचे चार समान भाग करायचे. त्यांपैकी जो भाग पुन्हा भरेल, त्याचे पुन्हा चार. पलसाण्याबाहेरच्या शेतांचा चौकोन कित्येक किलोमीटरांचा राहतो, तर सुरतेच्या रिंगरोडवर चौकोन काही मीटरांपर्यंत लहान होतात. जिओहॅशमध्येही प्रत्येक दोन प्रश्न मिळून चारांतला एक भागच निवडला जातो. फरक एवढाच की तेथे किती वेळा विभागायचे हे आधी ठरते, येथे वस्ती ठरवते.

सीमारेषा क्वाडट्रीतही असतात. पण शोध मुळापासून सुरू होतो आणि प्रत्येक चौकोनाची जवळची कड आपल्यापासून किती दूर आहे हे मोजत जातो, म्हणून त्या आड येत नाहीत. समजा, आपल्या चौकोनात ७०० मीटरांवर एक दुकान मिळाले. शेजारच्या चौकोनाची कड ४०० मीटरांवर आहे. तेथे अधिक जवळचे दुकान असू शकते, म्हणून तो उघडायचा. त्यात ५०० मीटरांवरचे दुकान मिळाले. आता न उघडलेल्या चौकोनांपैकी सर्वांत जवळची कड ९०० मीटरांवर आहे. तेथे ५०० पेक्षा जवळचे काही असूच शकत नाही, म्हणून शोध थांबतो. उत्तर बरोबर आहे याची खात्री शोधाबरोबरच मिळते.

मात्र एक खाच आहे. बहुमजली कापडबाजारात एकावर एक गाळे असतात आणि अनेक दुकानांची नोंद एकाच अक्षांश-रेखांशावर होते. शंभराहून जास्त दुकाने एकाच बिंदूवर आली, तर कितीही विभागले तरी ती एकाच चौकोनात राहतात आणि विभागणी संपतच नाही. म्हणून सर्वांत लहान चौकोन केवढा, ही मर्यादा आधीच घालावी लागते.

मग निवड कशी करायची? दुकाने हलत नाहीत आणि दाटी असमान असते; त्यांना क्वाडट्री शोभते. चालकांचे तसे नाही. दर चार सेकंदांनी आपली जागा कळवणारा चालक ताशी ४० किलोमीटरने सरळ उत्तरेकडे निघाला, तर सहा अक्षरांचा खण ओलांडायला त्याला सुमारे ५५ सेकंद लागतात. म्हणजे तेरा-चौदा नोंदी एकाच शब्दात होतात, आणि शब्द बदलला तरी एकच नोंद पुसून दुसरी लिहायची असते. क्वाडट्रीत मात्र चौकोन भरला की फोडायचा, ओस पडला की जोडायचा. आणि त्याच क्षणी इतर हजारो शोध त्याच झाडावर चाललेले असतात, त्यांना थांबवून ठेवावे लागते. रेडिस या लोकप्रिय साठवणप्रणालीतील `GEOADD` आणि `GEOSEARCH` या आज्ञा जिओहॅशच्याच तत्त्वावर ५२ अंशांची एक संख्या साठवतात, आणि शोधताना शेजारचे खणही तपासतात, ते यामुळेच.

दोन्ही पद्धती जे अंतर देतात ते सरळ रेषेचे असते. दुभाजकाच्या पलीकडे उभा असलेला चालक नकाशावर ४० मीटरांवर असला, तरी त्याला वळसा दोन किलोमीटरांचा पडू शकतो. म्हणून या पद्धतींकडून निवडीची यादी घ्यावी आणि अखेरचा क्रम रस्त्याच्या अंतराने लावावा. कोशही शब्दापर्यंत पोचवतो. वाक्यात कोणता शब्द बसेल हे पुढे वेगळे ठरवावे लागते.