०.३५ म्हणजे किती पट?

१९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना टपालाने एक छोटी प्रश्नावली पाठवली. तुम्ही सिगारेट ओढता का, किती ओढता, असे त्यात विचारले होते. उत्तर देणाऱ्यांपैकी कोण कधी आणि कशाने दगावले, याची नोंद पुढे वर्षानुवर्षे ठेवली गेली. त्यातून पुरुष डॉक्टरांच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचा जो तक्ता निघाला, त्यावर संख्याशास्त्राचे विद्यार्थी आजही पॉयसन रिग्रेशन शिकतात.

तक्त्यातली बेरीज अशी: धूम्रपान करणाऱ्यांत ६३० मृत्यू, न करणाऱ्यांत १०१. पण धूम्रपान करणारे संख्येनेच जास्त होते, त्यामुळे या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. त्यासाठी ‘व्यक्ती-वर्षे’ मोजतात. एका माणसावर एक वर्ष नजर ठेवली की एक व्यक्ती-वर्ष होते. धूम्रपान करणाऱ्यांची अशी १,४२,२४७ वर्षे जमली, न करणाऱ्यांची ३९,२२०. म्हणजे हजार व्यक्ती-वर्षांमागे मृत्यू अनुक्रमे ४.४ आणि २.६, गुणोत्तर १.७२.

यात वयाची गफलत आहे. धूम्रपान न करणाऱ्यांच्या व्यक्ती-वर्षांपैकी जवळपास निम्मी ३५ ते ४४ या वयोगटातली होती, करणाऱ्यांची मात्र ३७ टक्केच. तरुण गटात मृत्यू मुळातच कमी, म्हणून १.७२ या आकड्यात सिगारेटबरोबर वयाचाही हात आहे. दोन्ही वेगळे काढायचे तर मॉडेल लागते.

मृत्यूंची संख्या शून्याखाली जात नाही. सरळ रेषा मात्र बसवली तर ती खुशाल उणे मृत्यू सांगू शकते. म्हणून पॉयसन रिग्रेशनमध्ये अपेक्षित संख्येचा लॉग घेऊन समीकरण मांडतात:

log(अपेक्षित मृत्यू) = log(व्यक्ती-वर्षे) + स्थिरांक + वयोगटाचा सहगुणक + धूम्रपानाचा सहगुणक

व्यक्ती-वर्षांचा लॉग इथे गुणक न लावता जसाच्या तसा ठेवला आहे. त्यामुळे मॉडेल मृत्यूंच्या संख्येऐवजी मृत्युदराबद्दल बोलू लागते. आणि लॉगमध्ये केलेली बेरीज मूळ दरावर गुणाकार होऊन उतरते.

या तक्त्यावर मॉडेल चालवले की धूम्रपानाचा सहगुणक ०.३५४५ येतो. तो वाचून ‘मृत्यू ०.३५ने वाढतात’ किंवा ‘३५ टक्क्यांनी वाढतात’ असे म्हणणे चूक. e चा ०.३५४५ वा घात काढायचा. उत्तर येते १.४३. अर्थ असा, की एकाच वयोगटात धूम्रपान करणाऱ्यांचा मृत्युदर न करणाऱ्यांच्या १.४३ पट, म्हणजे ४३ टक्के जास्त. वय बाजूला काढताच १.७२ घसरून इथवर आले.

पट एकच असली तरी तिचे वजन गटागणिक बदलते. मॉडेलप्रमाणे ३५ ते ४४ वयात धूम्रपान न करणाऱ्यांचा दर हजारी ०.३६ आहे, १.४३ने गुणले की ०.५२ होतो, वाढ जेमतेम ०.१६. ६५ ते ७४ वयात हाच गुणक १०.४ला लागतो आणि दर १४.८ होतो. इथे हजारामागे चारांहून जास्त मृत्यू वाढले. म्हणून नुसती पट सांगू नये, ती कशाची पट आहे तेही सांगावे.

आता खरा प्रश्न: सगळ्या वयांना एकच पट लागू पडते, हे कोणी सांगितले? ते मॉडेलने गृहीत धरले आहे. तपासायचे तर अपेक्षित आणि प्रत्यक्ष मृत्यू शेजारी मांडायचे. सर्वांत तरुण गटात धूम्रपान न करणाऱ्यांचे मॉडेलप्रमाणे सुमारे ७ मृत्यू व्हायला हवे होते, झाले २. ७५ ते ८४ वयात सुमारे २१.५ अपेक्षित होते, झाले ३१. चूक इकडेतिकडे विखुरलेली नाही. तरुणपणी एका दिशेला, म्हातारपणी उलट दिशेला आहे. एकच गुणक पुरत नसल्याची ही खूण.

प्रत्येक वयोगटाला त्याचा स्वतंत्र गुणक दिला, तर तरुणांपासून वृद्धांपर्यंत क्रमाने ५.७, २.१, १.५, १.४ आणि ०.९ असे आकडे मिळतात. यातला ५.७ धूम्रपान न करणाऱ्यांतल्या अवघ्या दोन मृत्यूंवर उभा आहे. त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण १.४ पासून २४ पर्यंत पसरते. ०.९ वरून उतारवयात सिगारेट तारक ठरते असे समजणेही धाडसाचे, कारण त्या गटातही न करणाऱ्यांचे मृत्यू ३१च आहेत. तरीही उतरण स्पष्ट दिसते. वय वाढते तसे हृदय बंद पडण्याची इतर कारणेही वाढतात आणि सिगारेटची पट त्यांत विरत जाते. १.४३ हा या पाच आकड्यांमधला एक मध्यममार्ग आहे. चाळिशीतल्या माणसाला तो धोका कमी करून सांगतो, ऐंशीच्या माणसाला वाढवून.