सशाचा डोळा, शाम्पूचा थेंब

अमेरिकेतील विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांनी १९४४ मध्ये रूढ केलेल्या चाचणीत पांढऱ्या सशाची खालची पापणी ओढून ०.१ मिलिलिटर द्रव डोळ्यात सोडतात. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा किती गढूळला, लाली व सूज किती आली, याला गुण देतात. निरीक्षण २१ दिवसांपर्यंत चालू शकते. हे गुण प्रयोगशाळेगणिक बदलत, हा या चाचणीचा जुना दोष.

आता मानवी पेशींपासून वाढवलेल्या ऊतीवर तोच द्रव टाकतात. नंतर घातलेला पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करतात. साठ टक्क्यांहून अधिक पेशी तगल्या, तर द्रव निर्धोक. मात्र इजा भरून येते की कायम राहते, हे ही ऊती सांगत नाही.

भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणीचाचण्यांवर २०१४ पासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे. नव्या शाम्पूसाठी सशाला वेदना देण्याचे समर्थन होत नाही. औषधाचे तसे नाही. गोळी पोटातून यकृत, हृदय, गर्भापर्यंत पोचते आणि इतका गुंतागुंतीचा प्रवास ऊतीच्या एका तुकड्यावर अजून पूर्ण तपासता येत नाही.