श्रीखंडातली वेलची जिभेला कळत नाही

नाक चिमटीत धरा आणि चमचाभर श्रीखंड तोंडात घ्या. गोड लागेल, मागोमाग चक्क्याचा आंबटपणा जाणवेल, दाट आणि गार आहे हेही कळेल. वेलची मात्र सापडणार नाही. आता घास तोंडात असतानाच नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका. वेलची लगेच येते, तीही नाकात नव्हे, थेट जिभेवर आल्यासारखी.

वास नाकात शिरायला दोन वाटा आहेत. एक समोरची, फूल हुंगतो ती. दुसरी मागची: चावताना, गिळताना तोंडातली वाफ घशाच्या मागून वर चढते आणि नाकाच्या छतापाशी असलेल्या गंधपेशींना भिडते. घासाचा स्पर्श तोंडात होत असल्यामुळे मेंदू हा वासही तोंडाच्याच खात्यावर मांडतो. सर्दी झाल्यावर ‘तोंडाला चव नाही’ अशी तक्रार करतो, तेव्हा जीभ बहुधा ठणठणीत असते. बंद असते ती ही मागची वाट. चव, वास आणि तोंडातला स्पर्श मिळून जे तयार होतं त्याला अन्नशास्त्रात फ्लेवर म्हणतात, आणि चव हा त्याचा लहानसाच भाग.

जिभेच्या वाट्याला येतात गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. उमामी ही मांसाच्या रश्श्यात किंवा पिकलेल्या टोमॅटोत लागणारी ग्लुटामेटची चव. टोकियोच्या किकुनाए इकेदांनी 1908 मध्ये ती समुद्री शेवाळाच्या कढणातून वेगळी काढली. परीक्षेत हमखास विचारतात, की तिखट आणि तुरट या यादीत का नाहीत? आपल्या षड्रसांत तर दोन्ही आहेत. मिरचीतलं कॅप्सेसिन चटका ओळखणाऱ्या वेदनेच्या ग्राहीला चेतवतं. म्हणूनच मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला, तर तिथेही जळजळतं. डोळ्याला चव कुठून असणार! तुरटपणात टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा जातो. तो मुख्यतः स्पर्शच.

श्रीखंडातला गोडवा ओळखणारी ग्राही दोन प्रथिनांच्या जोडीने बनते, T1R2 आणि T1R3. साखर, सॅकरिन, स्टीव्हिया, सगळ्यांना हीच जोडी ओळखते. मांजरात पहिल्या प्रथिनाचं जनुक निकामी झालेलं आहे. म्हणजे तुमच्या वाटीत मांजर तोंड घालतं ते साखरेसाठी नव्हे. आंबटपणाची तऱ्हा निराळी: आम्लातले हायड्रोजन आयन पेशीच्या पडद्यातल्या एका वाहिनीतून सरळ आत शिरतात. साखर वाढवली की चक्क्याचा आंबटपणा दबतो, पण आम्ल तेवढंच राहतं. दोन चवी एकमेकींना दाबतात, आणि हे दाबणं बऱ्याच अंशी मेंदूत घडतं.

तापमानही हात मारतं. गोड चवीचा निरोप पुढे नेणाऱ्या पेशींत TRPM5 नावाची वाहिनी असते, ती गारठ्यात कमी उघडते. फ्रिजमधून काढल्या काढल्या बेताचं गोड वाटलेलं श्रीखंड पंगत संपेपर्यंत गोडमिट्ट होतं ते त्यामुळे. दोन नमुन्यांची तुलना करायची तर दोन्ही एकाच तापमानाला हवेत.

पण चाचण्यांमध्ये खरी फसगत होते ती वासामुळे. 1988 मध्ये फ्रँक आणि बायरम यांनी फेटलेल्या गोड क्रीममध्ये स्ट्रॉबेरीचा वास घातला. साखर तेवढीच असूनही लोकांना ते जास्त गोड लागलं. शेंगदाण्याच्या लोण्याच्या वासाने तसं झालं नाही, आणि नाक बंद केल्यावर स्ट्रॉबेरीचा परिणामही उरला नाही. इथवर सरळ वाटतं. पुढे 1994 मध्ये क्लार्क आणि लॉलेस यांनी प्रश्नपत्रिकेवरच बोट ठेवलं. चाखणाऱ्यासमोर ‘गोडी किती?’ एवढीच पट्टी ठेवली, तर वासाचं जे काही जाणवलं ते तो नाइलाजाने त्याच पट्टीवर ओततो. वासासाठी वेगळी पट्टी दिली की वाढीव गोडी बरीचशी विरते.

समजा, एखाद्या डेअरीला वेलची वाढवून श्रीखंडातली साखर कमी करायची आहे. दोन नमुन्यांत साखर सारखी, एकात वेलची जास्त. फक्त गोडीचे गुण मागितले आणि वेलचीवाला पुढे गेला, तर त्यावरून काहीच ठरत नाही. गोडी, आंबटपणा आणि वेलचीचा वास अशा तीन पट्ट्या देऊन चाचणी पुन्हा घ्यावी, मग नाकाला चिमटा लावून आणखी एकदा. तीन पट्ट्या असूनही फरक टिकला आणि चिमट्याने गेला, तर वेलचीने गोडी वाढवली असं म्हणता येतं. चिमटा लावूनही टिकला, तर आधी साखरेचं माप तपासावं.