पुस्तिका बाजूला ठेवली की

टॅरोचा कॅट कोणत्याही दुकानातून घ्या, पत्ते ७८च निघणार. त्यातले २२ मोठे: मूर्ख, सम्राज्ञी, मृत्यू, सूर्य वगैरे. उरलेले ५६ छड्या, पेले, तलवारी आणि नाणी अशा चार रंगांत वाटलेले, म्हणजे आपल्या रमीच्या पत्त्यांचे चुलतभाऊच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते खेळायलाच वापरत. भविष्य सांगण्यासाठी त्यांचा गाजावाजा झाला तो अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. आज बहुतेक टॅरोवाले १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या कॅटच्या वाटेने चालतात. आर्थर वेट यांनी तो आखला आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारला. त्यातला पेल्यांचा पंजा पाहा: काळा झगा घातलेला माणूस, पुढे तीन पेले सांडलेले, मागे दोन उभे. अर्थ ठरलेला: झालेल्या नुकसानीचं दुःख, आणि मागे उरलेल्याकडे न गेलेली नजर.

ओरॅकलच्या कॅटला असा सांगाडा नसतो. पत्ते किती, त्यांवर देवदूत असावेत की पक्षी, हे काढणाऱ्याने ठरवायचं. एका कॅटमधला कावळा दुसऱ्या कॅटमधल्या कावळ्याचं काही लागत नाही. म्हणून प्रत्येक कॅटसोबत छोटी पुस्तिका येते आणि बहुतेक लोक पत्ता उलटला की तीच उघडतात. मग ओरॅकल घेण्यात मतलब काय? पोपटवाल्याच्या पाकिटातली चिठ्ठी वाचण्यासारखंच झालं ते.

पुस्तिकेविना वाचायचं तर प्रश्नापासून सुरुवात करावी लागते. डोंबिवलीची माझी एक मैत्रीण विचारत होती, ‘रत्नागिरीहून आईला इकडे आणू का?’ हा कौल झाला. उजवा की डावा, एवढंच. चित्र ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही. थोडं घोळवल्यावर प्रश्न झाला, ‘आईला आणताना मला नेमकं काय अडतंय?’ तिने पत्ते पिसून दोन काढले.

पहिल्यावर काठाला बांधलेली रिकामी होडी, आत पेटता कंदील. दुसऱ्यावर जुनं झाड आणि त्याच्या बुंध्यात एक दार.

‘स्थैर्य. मुळं. नवी सुरुवात,’ ती घाईने म्हणाली.

‘हे तू पत्त्यांवर पाहिलंस की कुठे वाचलंस? नुसतं दिसतंय ते सांग.’

पहिली काही मिनिटं अर्थ बोलायचाच नाही, हा या वाचनातला सगळ्यात अवघड भाग. फक्त वस्तू आणि त्या काय करताहेत ते सांगायचं. होडीचा दोर ताणलेला नव्हता, सैल होता. कंदील पेटता होता, म्हणजे कोणीतरी तो लावून गेलेलं. मग ती दाराकडे वळली आणि थांबली. ‘बाहेरून कडीच नाहीये गं. आतूनच उघडायचं.’ थोड्या वेळाने हळूच म्हणाली, ‘मी आईला विचारलेलंच नाहीये. खोली कुठली द्यायची तेही ठरवून बसलेय.’

हे पत्त्याला ठाऊक होतं का? नाही. ठाऊक तिलाच होतं. बिनकडीच्या दारापाशी ते बोलून गेली, इतकंच. पत्त्यांना पुढचं दिसतं याला पुरावा नाही.

पण मग चित्रातून वाटेल ते काढता येईल की! येतं, आणि इथेच फसगत होते. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिचित्र’ म्हणून एकच मजकूर दिला. तो आपल्याला किती लागू पडतो याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. ‘तू बाहेरून खंबीर, आतून हळवी आहेस’ असली वाक्यं कोणालाही बसतात.

यावर मी एक साधी चाचणी करते. वाचन झालं की पत्ता उचलून त्या जागी भलताच ठेवायचा. आम्ही पावसात भिजणारा मोर ठेवला. ‘नवी सुरुवात’ मोरावरूनही सहज निघाली असती, म्हणून ती बाद. ‘आईला विचारलं नाही’ मात्र त्या बिनकडीच्या दाराशिवाय निघालं नसतं, म्हणून ते ठेवलं. मनाजोगतं निघेपर्यंत पुन्हा पुन्हा पत्ता काढणं हाही याच फसगतीचा प्रकार. दुसऱ्यांदा हात कॅटकडे गेला की समजावं, उत्तर आधीच ठरलेलं आहे.

दुखणं आणि पैसा हे विषय मी पत्त्यांसमोर ठेवत नाही, त्यासाठी डॉक्टर आणि हिशेबनीस आहेत. ओरॅकल घ्यायचाच असेल तर चित्रांत बारकावे भरपूर आणि शब्द कमी असलेला घ्या. पत्त्याखाली ‘विश्वास’, ‘मुक्ती’ असं काही छापलेलं असेल, तर आधी त्यावर अंगठा ठेवा.