जुलाब-उलट्या होत असताना चुलीपाशी कोणी बसावे?



मोखाड्याच्या पाड्यांवर आरोग्यसेविका म्हणून फिरताना पावसाळ्यात मला एक प्रश्न दर आठवड्याला ऐकू येतो. घरातल्या बाईला रात्रभर जुलाब झालेले असतात, डोळे खोल गेलेले असतात, आणि सकाळी ती चुलीपुढे बसलेली असते. "बाय, आज तू रांधू नकोस," असे म्हटले की उत्तर ठरलेले: "मग कोण रांधील, सिस्टर?" हा प्रश्न खरा आहे. म्हणून नुसते 'करू नका' न म्हणता, नेमका धोका कुठे आहे आणि कुठे नाही, हे या अंकात नीट सांगावेसे वाटते.

जुलाब झालेल्या माणसाच्या शौचातून आणि उलटीतून जंतू बाहेर पडतात. शौचाला जाऊन आल्यावर ते बोटांवर आणि नखांखाली राहतात. काही विषाणू असे आहेत की डोळ्यांना मुळीच न दिसणारा कण एवढी घाणसुद्धा दुसऱ्याला आजारी पाडायला पुरते. उलटी जोराची झाली तर तिचे बारीक तुषार आसपासच्या भांड्यांवर उडतात. म्हणून चुलीजवळ उलटी झाली असेल, तर तिथे उघडे असलेले अन्न टाकून द्यावे आणि भांडी पुन्हा घासावीत.

आता चुलीचे काम पाहू. खळखळून उकळलेल्या डाळीत किंवा भातात हे जंतू टिकत नाहीत. धोका सुरू होतो तो विस्तवावरून उतरवल्यानंतर. भाकरी भाजल्यावर हाताने टोपलीत रचली जाते. कांदा चिरला जातो. सुकटीची चटणी वाटल्यावर बोटांनी निपटून काढली जाते. पाण्याच्या मडक्यात पेला बुडवताना बोटेही बुडतात. लहानग्याला भात कालवून भरवला जातो. या प्रत्येक कामात हात थेट तोंडी जाणाऱ्या वस्तूला लागतो आणि मध्ये विस्तव नसतो. आजारी माणसाने दूर राहायचे ते सर्वांत आधी या कामांपासून.

एका घरात काय घडले ते सांगते. घरात सात माणसे. सुनेला सोमवारी रात्री पाच-सहा जुलाब आणि दोन उलट्या झाल्या. मंगळवारी सकाळी बरे वाटले म्हणून तिने नेहमीसारखा स्वयंपाक केला: उडदाची डाळ, भात, नागलीची भाकरी, आणि सुकटीची चटणी, वर कच्चा कांदा. सासूबाईंना दात नाहीत. त्यांनी चुलीवरून उतरवलेला गरम डाळभातच खाल्ला. नवऱ्याने आणि चार वर्षांच्या मुलाने चटणी-भाकरी खाल्ली, उरलेली संध्याकाळीही खाल्ली. बुधवारी संध्याकाळी दोघांनाही उलट्या सुरू झाल्या. सासूबाईंना काही झाले नाही. शौचाची तपासणी झाली नव्हती, त्यामुळे चटणीच कारण होती असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण अशा आजारात एक-दीड दिवसाचे अंतर नेहमी दिसते, आणि कोणी काय खाल्ले यावरून बोट तिकडेच जाते.

मी गेले तेव्हा गुरुवारची सकाळ होती. सुनेचा शेवटचा पातळ जुलाब बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास झाला होता. त्यानंतर पूर्ण दोन दिवस, म्हणजे ४८ तास, तिने स्वयंपाकाला हात लावायचा नाही; शुक्रवारी सकाळी दहानंतर चालेल, असे ठरले. मोजणी शेवटच्या जुलाबापासून किंवा उलटीपासून करायची. मध्ये पुन्हा एकदा जरी झाला, तरी तास पहिल्यापासून मोजायचे. 'बरे वाटते' ही खूण धरू नये, कारण पोट थांबले तरी शौचातून जंतू काही काळ जातच राहतात. दोन दिवसांनी ते सगळे संपतात असे नाही. मात्र पातळ जुलाब थांबले आणि हात नीट धुतले की ते पसरण्याची शक्यता बरीच कमी होते. म्हणून हात धुण्याची काळजी पुढेही दोन आठवडे ठेवायची.

सासूबाईंनी डाळभात लावला, धाकट्या दिराने पाणी भरले. दीर प्रथम लाजत होता, पण दोन दिवस भात शिजवणे काही अवघड नाही! नवरा आणि मुलगा आजारी होते. त्यांची घाण काढायचे काम सुनेकडेच ठेवले, म्हणजे रांधणारे हात आणि घाण काढणारे हात वेगळे राहिले. हा वाटा फार महत्त्वाचा आहे. कित्येकदा आई स्वतः ठणठणीत असते, पण बाळाचे जुलाब धुऊन तशीच पिठाच्या परातीकडे वळते.

घरात खरोखरच दुसरे कोणी नसेल तर? नवरा वीटभट्टीवर, पदरी दोन लेकरे, अशी घरे आमच्याकडे पुष्कळ आहेत. शेजारणीकडून भात मिळाला तर उत्तमच. नाही तर एकाच पातेल्यात खिचडी शिजवावी, चांगली उकळू द्यावी, पळीने वाढावी आणि गरम असतानाच खावी. चटणी, कांदा, काकडी त्या दिवशी नको. उरलेले अन्न संध्याकाळसाठी ठेवू नये. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली, नखे आणि बोटांच्या बेचक्यांसकट चोळावेत; दुसऱ्याने तांब्याने पाणी ओतले तर बरे. हातावर चोळायचे सॅनिटायझर या कामी पुरत नाही, काही विषाणू त्याला दाद देत नाहीत. हा मार्ग नाइलाजाचा आहे. उलटी चालू असताना तर तोही नको.

अंगावर पिणारे बाळ असेल तर आईने दूध बंद करू नये. हे मला मुद्दाम सांगावे लागते, कारण 'माझा आजार दुधातून जाईल' या भीतीने बायका वरचे दूध सुरू करतात. जुलाबाचे जंतू दुधातून जात नाहीत, हातातून जातात. हात धुवावेत आणि पाजावे. आईने स्वतः मात्र मीठ-साखरेचे पाणी भरपूर प्यावे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ.

काही आजारांत ४८ तास पुरत नाहीत. शौचात रक्त, भाताच्या पेजेसारखे पाण्याचे जुलाब, उतरत नसलेला ताप किंवा डोळे पिवळे दिसले, तर दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत चुलीपासून दूर राहावे. टायफॉईडमध्ये तर बरा झालेला माणूसही कधी कधी महिनोन्महिने जंतू बाळगतो.

मंडळीच्या प्रीतिभोजनाला किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला हाच नियम लागतो, फक्त तिथे एका हातामागे शंभर पाने असतात. सकाळी कामाला लागण्यापूर्वी प्रत्येकाला विचारावे: दोन दिवसांत जुलाब किंवा उलटी झाली का? रोजावर येणारी स्वयंपाकीण 'हो' म्हणेल ते तिचा रोज बुडणार नसेल तरच. म्हणून त्या दोन दिवसांची मजुरी आधीच कबूल करावी, आणि ती बरी होईपर्यंत तिला घरीच थांबू द्यावे.